ज्वालाग्राही की ज्वलनशील?



सुरतेच्या दक्षिणेला भेस्तान, आणि त्याच्या शेजारी पांडेसरा. इथल्या डाईंग-प्रिंटिंगच्या मिलांमध्ये धुळे, जळगाव, नंदुरबारकडची पुष्कळ माणसं कामाला आहेत. त्यामुळे रसायनांची सुरक्षा माहितीपत्रकं गुजराती आणि हिंदीसोबत मराठीतही करून घ्यावी लागतात. अशाच एका मिलचं काम मी करून दिलं आणि तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी विचारलं, की 'फ्लेमेबल' या एकाच शब्दासाठी पिंपावरच्या चिठ्ठीत 'ज्वलनशील' आणि माहितीपत्रकात 'ज्वालाग्राही' असं का? त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना पाठवलेलं उत्तर आज तुमच्यापुढे वाचतो.

"स. न. वि. वि.

हे दोन्ही शब्द बरोबर आहेत. ज्वाला जवळ येताच ती धरतो तो पदार्थ ज्वालाग्राही. जळणं ज्याच्या अंगी आहे तो ज्वलनशील. रोजच्या बोलण्यात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात, आणि त्यात काही बिघडतही नाही. आपल्या मिलबाहेर उभ्या राहणाऱ्या टँकरवर हिंदीत आणि गुजरातीत 'ज्वलनशील' असंच लिहिलेलं असतं. आपला कामगार तो शब्द रोज बघतो. म्हणून पिंपाच्या चिठ्ठीसाठी मी तोच घेतला. तिथे एकच गोष्ट कळायला हवी, की याच्याजवळ बिडी आणू नका.

माहितीपत्रकात मात्र इंग्रजीत दोन वेगळे शब्द येतात. 'फ्लेमेबल' म्हणजे सहज पेट घेणारं, आणि 'कम्बस्टिबल' म्हणजे जळतं, पण आधी तापवावं लागतं. दोन्हींना 'ज्वलनशील' म्हटलं तर फरकच पुसला जातो. म्हणून तिथे पहिल्याला 'ज्वालाग्राही' आणि दुसऱ्याला 'ज्वलनशील' असं ठरवून घेतलं, आणि शेवटपर्यंत तेच पाळलं.

हा फरक ज्यावर ठरतो त्याला इंग्रजीत 'फ्लॅश पॉइंट' म्हणतात. द्रव तापत गेला की त्याच्यावर वाफ साठते. ज्या तापमानाला ती इतकी होते की ठिणगी दाखवताच भपकन पेटते, तो हा आकडा. टोल्युइनचा आकडा 4 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे सुरतेत तो बाराही महिने या आकड्याच्या वरच असतो. त्याची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या स्विचच्या ठिणगीनेही पेटू शकते. तो ज्वालाग्राही, याबद्दल वाद नाही.

तुमच्या पिगमेंट प्रिंटिंगच्या खात्यातल्या रॉकेलचं तसं नाही. त्याचा आकडा किमान 35 अंश असावा लागतो. भारतीय पेट्रोलियम नियमांत 23 अंशांखालचं ते 'अ' वर्गात, 23 ते 65 मधलं 'ब' वर्गात आणि 65 ते 93 मधलं 'क' वर्गात धरतात. रॉकेल 'ब' वर्गात बसतं. सकाळच्या गारव्यात ते जरा निवांत वाटेल. पण मे महिन्यात पत्र्याखालचं खातं 40 अंशांवर गेलं, की तेच रॉकेल आपला आकडा ओलांडून बसलेलं असतं. म्हणून त्यालाही मी ज्वालाग्राही लिहिलं.

उरलं थर्मिक तेल. स्टेंटरला उष्णता देणाऱ्या या तेलाचा आकडा साधारण 200 अंशांच्या घरात असतो. पिंपात ते साधं ज्वलनशील. मात्र पाइपातून ते 250 अंशांच्या आसपास फिरत असतं, म्हणजे आपल्या आकड्याच्या वर. फ्लँजपाशी गळती झाली तर ते तिथल्या तिथे पेट घेऊ शकतं. पत्रकात त्याच्यापुढे 'ज्वलनशील. पाइपातून फिरताना गळतीजवळ आगीचा धोका' असं पूर्ण वाक्य घातलं आहे, कारण इथे एकट्या शब्दाने भागत नाही.

पत्रक बरोबर आहे की नाही हे तपासायचं असेल, तर दुसऱ्या भागात धोक्याचं नाव पाहा आणि नवव्या भागात फ्लॅश पॉइंटचा आकडा. दोन्ही जुळले पाहिजेत. एकाच पत्रकात एकाच द्रवाला एकदा ज्वालाग्राही आणि एकदा ज्वलनशील म्हटलेलं दिसलं, तर ते पत्रक परत पाठवा. वाचणाऱ्याला ते दोन निरनिराळे पदार्थ वाटतील.

चिठ्ठीवर दोन्ही शब्द ठेवायचे असतील तर माझी हरकत नाही. 'ज्वलनशील' मोठ्या अक्षरात, खाली 'ज्वालाग्राही', आणि त्याखाली 'आग, ठिणगी, बिडी लांब ठेवा'. फक्त हा क्रम सगळ्या पिंपांवर सारखा ठेवा."

त्यांनी हा क्रम मान्य केला. फक्त शेवटच्या ओळीत 'मोबाइलही' हा शब्द वाढवला, आणि तो मी तसाच ठेवला.