सहविम्यातील संमतीपत्र: एका दाव्याचा हिशेब



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारी प्रवरेच्या काठी उभी राहिली. आज कारखान्याला सहवीजप्रकल्पही जोडलेला असतो आणि एवढी जोखीम एक विमा कंपनी एकटी घेत नाही. पॉलिसी एक, पण हिस्सेदार तीन-चार. दावा आला की लीडर कंपनी सर्व्हेअर नेमते, कागद तपासते आणि सहविमेदारांना पत्र लिहून संमती मागते. आज मी या एका पत्राबद्दलच बोलणार आहे. कारखान्याच्या हाती पैसे कधी पडणार, हे बहुतेक वेळा त्याच पत्रावर ठरते.

समजण्यासाठी एक काल्पनिक दावा घेऊ. सहवीजप्रकल्पात पॅनेलला आग लागली आणि ती टर्बाइनपर्यंत गेली. विमारक्कम 80 कोटी. हिस्से लीडरचे 50 टक्के, इतर दोघांचे 30 आणि 20 टक्के. सॅल्व्हेज वजा जाता नुकसान 10 कोटी. सर्व्हेअरने प्रकल्पाची त्या दिवशीची किंमत 100 कोटी धरली. म्हणजे विमा 20 टक्के कमी उतरवलेला. पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, पण ही तूट त्यापुढे गेल्याने कपात पूर्ण लागली. 10 कोटींचे 8 झाले, 5 टक्के एक्सेस गेला आणि शिफारस आली 7 कोटी 60 लाखांची.

कारखान्याचे म्हणणे असे, की त्या 100 कोटींत 8 कोटींचा नवा बॉयलर धरला आहे. तो अजून चाचणीवर होता आणि त्याच्या उभारणीची वेगळी पॉलिसी चालू होती. लीडरने कागद मागवले. उभारणीची पॉलिसी आगीच्या दिवशी चालू होती आणि हस्तांतराच्या दाखल्यावरची तारीख आगीनंतरची निघाली. बॉयलर वगळला की किंमत 92 कोटी होते, तूट 13 टक्क्यांवर येते, कपात उरतच नाही आणि देय रक्कम साडेनऊ कोटी होते. एका दाखल्याने 1 कोटी 90 लाखांचा फरक पडला.

आता सहविमेदाराच्या कार्यालयातला अधिकारी डोळ्यांपुढे आणा. त्याच्यापुढे सर्व्हेअरचा अहवाल 7.60 कोटींचा आणि लीडरचे पत्र 9.50 कोटींचे. 30 टक्केवाल्याला 57 लाख, 20 टक्केवाल्याला 38 लाख जादा द्यायचे आहेत. पत्रात ‘कागदपत्रांचा विचार करून तडजोड प्रस्तावित’ एवढेच असेल, तर तो सही करणार नाही, आणि त्याचे बरोबर आहे. उद्या ऑडिट विचारणार त्यालाच. मग ‘खुलासा करावा’ असे पत्र येते, त्याला उत्तर जाते, पुन्हा शंका येते आणि गाळप हंगाम निघून जातो. आपल्या सहविम्यात साधारणपणे प्रत्येक जण आपल्या हिश्श्यापुरताच जबाबदार असल्याने लीडरने आपला वाटा दिला तरी कारखान्याला अर्धेच मिळतात.

म्हणून सर्व्हेअरशी कुठे आणि का मतभेद झाला, हे पत्राच्या पहिल्याच पानावर यावे. हस्तांतराचा दाखला आणि उभारणीची पॉलिसी सोबत जोडावी. दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडावेत. सर्व्हेअरला हे कागद दाखवून त्याचे उत्तर घ्यावे आणि ते प्रतिकूल असले तरी जोडावे. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी अखेरचा शब्द नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात स्पष्ट केले. मात्र तो सबळ कारणाशिवाय बाजूला सारता येत नाही आणि ते कारण लेखी असावे लागते.

आगीच्या कारणाचेही तसेच. गोव्यातील झुआरी इंडस्ट्रीजच्या दाव्यात स्विचबोर्डात शॉर्टसर्किट झाले, वीज गेली, बॉयलरचे पाणी थांबले आणि बॉयलर बिघडला. आग क्षणभराची होती, म्हणून ती आग नव्हेच, असा कंपनीचा पवित्रा होता. 2009 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. असा वाद आपल्या दाव्यात निघण्याजोगा असेल, तर तो लीडरने आधीच मांडावा. सहविमेदाराने तो शोधून काढला, तर पुढच्या प्रत्येक ओळीवरचा त्याचा विश्वास उडतो.

आणखी एक पथ्य मला फार महत्त्वाचे वाटते. संमती हाती येण्याआधी कारखान्याला आकडा सांगू नये. सांगितला की सहविमेदाराला विचारणे हा केवळ उपचार उरतो आणि सहविमेदार दुखावतो.

लीडर कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रत्येकाचा हिस्सा रुपयांत, सर्व्हेअरच्या फीसकट लिहा आणि उत्तराची तारीख घाला. सहविमेदारांनाही सांगणे आहे: हरकत असेल तर सगळी एकाच पत्रात कळवा, आणि नसेल तर त्या तारखेच्या आत आपला हिस्सा पाठवा.