थर्मासमधली ऊब जाते कुठून?

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ताडोबाच्या जंगलात पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसून वन्यप्राणी पाहण्याची पद्धत आपल्या जिल्ह्याला चांगली परिचयाची आहे. दुपार कलली की माणसं मचाणावर चढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच खाली उतरतात. मधे ना चूल, ना शेगडी. सोबत पाणी, शिदोरी आणि थर्मासमधला चहा. तिकडे गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला धान निघण्याच्या दिवसांत शेतकरी रात्ररात्र जागल करतो. त्याच्याजवळही थर्मास असतो, फक्त तो डिसेंबरच्या थंडीत असतो. या दोन रात्रींत थर्मास तोच, चहा तोच, आणि तरी दोन्ही ठिकाणी चहा सारखाच गरम राहत नाही. का, ते आज पाहू.

थर्मासची रिफिल म्हणजे काचेच्या दोन भिंतींची बाटली. या भिंती एकमेकींना फक्त तोंडाशी जुळलेल्या असतात. मधली पोकळी हवा काढून, बुडाशी काचेचं बारीक टोक वितळवून बंद केलेली असते. १८९२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्युअर यांनी असं भांडं बनवलं ते चहासाठी नव्हे, तर द्रवरूप केलेले अतिथंड वायू टिकवण्यासाठी. बाहेरची उष्णता आत येऊ न देणं हा त्यांचा हेतू होता. आतली बाहेर जाऊ न देण्यालाही तेच भांडं चालतं.

उष्णता हवेच्या रेणूंच्या हातून पलीकडे जाते. म्हणून हवा काढायची. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. निम्मी हवा काढली म्हणून गळती निम्मी होत नाही. शंभरातले नव्याण्णव भाग काढले तरी उरलेली हवा जवळजवळ पूर्वीइतकीच उष्णता वाहून नेते. कारण रेणू कमी झाले की प्रत्येक रेणूला मोकळी धाव जास्त मिळते आणि हिशेब बरोबरीत सुटतो. हवा दहा लाखांत एक भाग इतकी विरळ झाली, म्हणजे रेणू दुसऱ्या रेणूला न धडकता सरळ भिंतीपासून भिंतीपर्यंत जाऊ लागले, की मग मात्र गळती झपाट्याने घटते. म्हणूनच थर्मास ‘थोडासा’ बिघडत नाही. टोकाला बारीकशी चीर गेली, जराशी हवा आत शिरली, की काल रात्रभर टिकणारा चहा आज तीन तासांत कोमट होतो.

हवा गेली तरी उष्णतेला एक वाट उरते, ती प्रारणाची. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत पोचते ती याच वाटेने. पोकळीकडच्या बाजूला भिंतींवर चांदीचा पातळ थर चढवतात तो यासाठी. साध्या काचेच्या भिंती असत्या तर लिटरभराच्या थर्मासमधून या वाटेने वीस-पंचवीस वॅट उष्णता गेली असती. चांदीमुळे ती अर्ध्या वॅटच्या आसपास येते. आणि हा थर पोकळीत बंद असल्यामुळे त्याला हवा लागत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं काळवंडत नाही.

आता खरा प्रश्न. चांगल्या थर्मासमध्येही मेच्या दुपारी एकूण तीन-साडेतीन वॅट उष्णता जाते. त्यातली भिंतींतून अर्धा वॅट, मग बाकीची कुठून? तोंडातून. तिथे आतली काच बाहेरच्या काचेला जुळलेली असते, त्यामुळे उष्णता काचेतूनच चढून बाहेर पडते. बुचातून थोडी जाते. आणि बूच सैल असेल तर वाफेतून सगळ्यात जास्त. चमचाभर पाणी वाफ होऊन निसटलं की लिटरभर चहा अडीच अंशांहून अधिक उतरतो. बुचाचं रबर कडक झालं असेल, तर चांदीच्या भिंती कितीही नामी असोत, त्यांचा उपयोग अर्धाही राहत नाही. मला विचाराल तर थर्मास घेताना आधी बूच पाहावं, भिंती नंतर.

आता मचाणावर चला. दुपारी तीन वाजता लिटरभर चहा नव्वद अंशांवर भरला. आतबाहेरच्या तापमानात जेवढा फरक, त्याचा विसावा भाग दर तासाला कमी होतो असं धरू. चांगल्या थर्मासला हे साधतं. मे महिन्यात दुपारपासून पहाटेपर्यंत बाहेरचं तापमान सरासरी पस्तीस धरा. फरक पंचावन्न अंशांचा. पहाटे तीनला चहा पासष्ट अंशांवर असतो, म्हणजे अजून फुंकर घालून प्यावा लागेल. तोच थर्मास डिसेंबरच्या जागलीत, बाहेर सरासरी पंधरा अंश असताना, पहाटे तीनला पंचावन्न अंशांवर आलेला असतो. साठ अंशांच्या वर राहण्याचा हिशेब केला तर उन्हाळ्यात पंधरा तास, थंडीत दहाच. ज्या रात्री गरम चहाची खरी गरज असते, त्याच रात्री थर्मासचं काम जड होतं.

यात अजून एक घात होतो. लिटरच्या थर्मासमध्ये अर्धाच चहा असला, तर गळती जवळपास तेवढीच राहते, पण गळणारी उष्णता निम्म्या चहातून जाते. म्हणजे चहा दुप्पट वेगाने निवतो. हिशेबाने थंडीत पहाटे तीनला छत्तीस अंश उरतील. संध्याकाळी निम्मा पिऊन बाकीचा पहाटेसाठी ठेवण्यात हा तोटा आहे. त्यापेक्षा अर्ध्या लिटरचे दोन थर्मास न्या आणि पहाटेचा रात्रभर उघडूच नका.

भरण्याचीही रीत आहे. डिसेंबरमध्ये बारा अंशांवरच्या रिकाम्या काचेत अर्धा लिटर चहा ओतला, तर काच तापण्यातच तो पाच-सहा अंशांनी उतरतो. म्हणून आधी कोमट, मग कडकडीत पाणी घालून पाच मिनिटं ठेवा, ओतून टाका आणि लगेच चहा भरा. थेट उकळता चहा घातला तर गारठलेली काच तडकण्याचीही भीती असते. बुचाखाली दोन बोटं जागा सोडा. चहा तोंडापर्यंत भिडला की काचेतून उष्णता जाण्याची वाट आखूड होते.

जंगलाच्या खडबडीत रस्त्यावर काच टिकत नाही म्हणून अनेकजण स्टीलचा थर्मास नेतात, आणि जिप्सीने जायचं असेल तर मीही तोच सुचवीन. त्याची भिंत पातळ असते, पण स्टील काचेच्या सुमारे पंधरापट उष्णता वाहतं. म्हणून त्याचं तोंड हाताला गरम लागतं. तो दोष नाही. मात्र पोटाकडचा भाग गरम लागला तर पोकळी गेली असं समजा. तपासायचं तर उकळतं पाणी भरा, दहा मिनिटं थांबा आणि खालच्या अर्ध्या भागावर तळहात ठेवून पाहा. काचेच्या रिफिलमध्ये बुडाचं टोक मोडलंय का ते बघा.

आणि दूध घातलेल्या चहाबद्दल एक सूचना. साठ अंशांखाली गेलेला दुधाचा चहा थर्मासमध्ये तासन्‌तास ठेवू नका. कोमट उबेत जंतू झपाट्याने वाढतात. लांबच्या रात्रीसाठी कोरा चहा भरा, दुधाची भुकटी वेगळी न्या, आणि घरी आल्यावर बुचाचं रबर काढून गरम पाण्याने धुऊन कोरडं करून ठेवा.