एक महिना थकलेलं बिल आणि एक नेमका ईमेल

आजचा भाग चित्रकारांसाठी आहे, म्हणजे जे फ्रीलान्स इलस्ट्रेशन करतात त्यांच्यासाठी. मीही तेच करते. विषय एकच आहे: बिल देऊन झालं, ठरलेली तारीख उलटून एक महिना गेला आणि पैसे आले नाहीत. आता जो ईमेल पाठवायचा तो कसा लिहायचा? नम्र तर हवा, पण वाचणाऱ्याला पुढे ढकलता येऊ नये असा.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून बोलू. समजा, एका प्रकाशन संस्थेसाठी मी मुलांच्या पुस्तकाची १२ चित्रं केली. एका चित्राचे ५,००० रुपये, म्हणजे एकूण ६०,०००. चित्रं मंजूर झाली आणि १ जुलैला मी बिल पाठवलं. बिलावर लिहिलं होतं, ‘३० दिवसांत देय’. म्हणजे ३१ जुलै. ८ ऑगस्टला मी संपादक ताईंना व्हॉट्सॲपवर विचारलं. ‘हो गं, बघते,’ असं उत्तर आलं. आज ३१ ऑगस्ट, सोमवार. खात्यात काही नाही.

आता पहिली गोष्ट लक्षात घ्या. ज्या ताईंशी आपण दोन महिने रंगांवर आणि स्केचवर बोलत होतो, त्या पैसे देत नाहीत. पैसे अकाउंट्समधला माणूस देतो. त्याने आपलं एकही चित्र पाहिलेलं नसतं, आपलं नावही त्याला माहीत नसतं. त्याच्यापुढे बिलांचा गठ्ठा असतो आणि बऱ्याच ठिकाणी महिन्यातल्या ठरावीक दिवशीच पेमेंट सुटतं. ताई काय करणार? आपला मेल त्याला फॉरवर्ड करणार. म्हणून आपला मेल असा हवा की तो एकट्याने प्रवास करू शकेल. वाचणाऱ्याला एकही प्रश्न पडता कामा नये: कुठलं बिल, किती रुपये, कधीचं, कुठे भरायचे.

ताईंनाही यात मदतच होते. बऱ्याचदा त्यांनाही अकाउंट्सच्या मागे लागायचा कंटाळा आलेला असतो. नेमका मेल हातात असला की त्यांना फक्त ‘कृपया बघा’ एवढंच वर लिहून पुढे ढकलायचं असतं.

पाठवण्याआधी दहा मिनिटं आपलं घर तपासा. बँकेचं स्टेटमेंट उघडा आणि ६०,००० शोधत बसू नका, ५४,०००सुद्धा शोधा. कारण प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के टीडीएस कापला तर ६,००० वजा होऊन ५४,००० येतात. ते ६,००० कुणी खाल्लेले नसतात, ते तुमच्या पॅनवर आयकराच्या पोर्टलवर दिसायला हवेत. मग बिल पुन्हा वाचा. पॅन आहे का? खाते क्रमांक आणि आयएफएससी बरोबर आहेत का? त्यांनी पर्चेस ऑर्डर दिली असेल तर तिचा नंबर बिलावर आहे का? कित्येक बिलं याच एका नंबरासाठी ट्रेमध्ये पडून राहतात आणि आपल्याला कुणी कळवतही नाही.

हे झालं की मेल लिहा. मी लिहिलेला मेल असा:

विषय: बिल क्र. १४, ₹६०,०००, देय ३१ जुलै – पेमेंट बाकी

नमस्कार ताई,

मुलांच्या पुस्तकाच्या १२ चित्रांचं बिल (क्र. १४, दि. १ जुलै, रक्कम ₹६०,०००) ३१ जुलैला देय होतं. आज त्याला एक महिना झाला आणि रक्कम अजून माझ्या खात्यात जमा झालेली नाही. याबद्दल ८ ऑगस्टला आपलं बोलणं झालं होतं.

ही रक्कम (टीडीएस लागू असल्यास तो वजा करून) सोमवार, ७ सप्टेंबरपर्यंत जमा करावी, ही विनंती. बिलाची प्रत आणि बँकेचा तपशील सोबत जोडला आहे.

बिलात काही त्रुटी असेल किंवा या तारखेपर्यंत पेमेंट शक्य नसेल, तर कोणत्या तारखेला होईल ते गुरुवार, ३ सप्टेंबरपर्यंत कळवावं. अकाउंट्स विभागाला सीसीमध्ये ठेवलं आहे.

आपली,
(नाव, फोन, पॅन, उद्यम नोंदणी क्रमांक)

बस, एवढंच. आता यातलं काय कुठे आणि का, ते बघू.

विषयाच्या ओळीत ‘रिमाइंडर’ किंवा ‘अर्जंट’ नाही. नंबर, रक्कम आणि तारीख आहे. तीन आठवड्यांनी अकाउंट्समधल्या माणसाने मेलबॉक्समध्ये ‘१४’ किंवा ‘६०,०००’ शोधलं तरी हा मेल सापडेल. शक्यतो १ जुलैला ज्या मेलवर बिल पाठवलं, त्यालाच रिप्लाय करून हा लिहा आणि फक्त विषयाची ओळ बदला. म्हणजे खाली जुना मेल तारखेसकट दिसतो. काही मेल ॲपमध्ये विषय बदलला की नवी साखळी सुरू होते, पण खालचा मजकूर राहतो आणि आपल्याला तोच हवा असतो. पीडीएफ मात्र पुन्हा जोडा, कारण रिप्लाय करताना जुनी फाइल आपोआप जात नाही.

पहिल्या परिच्छेदात एकही विशेषण नाही. ‘खूप दिवस झाले’, ‘वारंवार सांगूनही’ असं काही नाही. ‘३१ जुलै’ आणि ‘एक महिना’ हे दोन शब्दप्रयोग त्याहून जड आहेत, आणि त्यांच्यावर कुणी वाद घालू शकत नाही. ८ ऑगस्टचा उल्लेखही याचसाठी. व्हॉट्सॲपवरचं ‘बघते’ अकाउंट्सपर्यंत कधीच पोचलेलं नसतं, ते आता कागदावर आलं.

यात ‘त्रास देतेय, सॉरी’ नाही. ‘वेळ मिळेल तेव्हा’ नाही. आपल्याकडे हे फार होतं, कारण ती ताई असते, तो दादा असतो, ‘तू तर घरचीच’ असं म्हटलेलं असतं. पण ‘वेळ मिळेल तेव्हा’ लिहिलं की आपणच मुदत काढून टाकली. आणि घरभाडं, आजारपण, नवा टॅबलेट घ्यायचाय, यातलंही काही लिहू नका. कारण दिलं की मागणी मदतीसारखी वाटायला लागते. ६०,००० रुपये काम झाल्यामुळे देय आहेत, गरज असल्यामुळे नाहीत. नम्रपणा ‘विनंती’, ‘कळवावं’ या शब्दांत पुरेसा आहे.

तिसरा परिच्छेद सगळ्यात कामाचा. फक्त ‘पैसे द्या’ म्हटलं तर गप्प राहणं सोपं असतं. ‘नाही जमणार असेल तर तारीख कळवा’ म्हटलं की गप्प बसायलाही जागा उरत नाही. आणि उत्तर आलं, ‘२० सप्टेंबरच्या पेमेंटमध्ये घेतो,’ तर तो संस्थेने लेखी दिलेला शब्द आहे. लगेच एका ओळीत उत्तर द्या: ‘धन्यवाद, २० सप्टेंबरला ₹६०,००० जमा होतील असं मी धरून चालते.’

कधी उत्तर येतं, ‘पुस्तक छापून आलं की देऊ.’ इथे आधी आपलं कोटेशन बघा. त्यात पेमेंट छपाईशी जोडलेलं नसेल तर एवढंच लिहा: ‘आपल्या ठरावानुसार पेमेंट बिलापासून ३० दिवसांत आहे, छपाईवर अवलंबून नाही. म्हणून ७ सप्टेंबरची विनंती कायम ठेवते.’

आता सहीखालचा उद्यम क्रमांक. फ्रीलान्स चित्रकारही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम पोर्टलवर फुकट नोंदणी करू शकतो. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार अशा पुरवठादाराला ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावे लागतात, आणि ती तारीखही काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. आकडा कळावा म्हणून धरा की बँक दर ६ टक्के आहे. तिप्पट म्हणजे वर्षाला १८ टक्के, म्हणजे आपल्या ६०,००० वर एका महिन्याचे ९०० रुपये. शिवाय असं पेमेंट मुदतीत दिलं नाही तर कंपनीला तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही. अकाउंट्सवाल्यांना ही शेवटची गोष्ट चांगली ठाऊक असते. म्हणून एक महिन्याच्या मेलमध्ये मी कायद्याचं नाव घेत नाही. सहीखाली क्रमांक असतो, ज्याला कळायचं त्याला कळतं.

फक्त एक काळजी घ्या: नोंदणी काम देण्याच्या आधीच करून ठेवा. बिल थकल्यावर नोंदणी करून जुन्या बिलासाठी हा कायदा वापरता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या काही निकालांत म्हटलेलं आहे.

आणि एक धमकी टाळा: ‘पैसे आले नाहीत तर माझी चित्रं छापता येणार नाहीत.’ ऐकायला बरोबर वाटतं. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या पेंटिंगचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. त्यामुळे समोरचा हेच कलम दाखवू शकतो. ‘पूर्ण पेमेंट झाल्यावरच हक्क दिले जातील’ असं सहीच्या करारात असेल तरच ते वाक्य मेलमध्ये लिहा. नसेल तर पुढच्या करारात घाला.

७ सप्टेंबर गेला आणि उत्तरही नाही, तर ८ तारखेला दुसरा मेल. तो अकाउंट्सला आणि संस्थेच्या मालकांना, ताई सीसीमध्ये. आता कायद्याचं नाव, व्याजाची रक्कम आणि शेवटची तारीख लिहायची. त्यानंतरही काही नाही, तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, मग लवाद. त्याला वेळ लागतो, हे खरं. पण त्या अर्जाला जोडायला काय लागतं? ऑर्डर, बिल, काम पोचल्याचा पुरावा आणि तारखेसकट केलेली मागणी. म्हणजे ३१ ऑगस्टचा हा मेल तिथेही आपल्या बाजूने उभा राहतो.

तर ज्यांचं बिल थकलंय, त्यांनी वरचा मेल कॉपी करून आपले आकडे भरा. सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला पाठवा, शुक्रवारी संध्याकाळी नको. आणि ३ सप्टेंबरसारखी उत्तराची जी तारीख द्याल, तिचा अलार्म आत्ताच फोनमध्ये लावून ठेवा, कारण त्या दिवशी उत्तर आलं नाही तर फोन आपल्यालाच करायचाय.

भेटू पुढच्या भागात.