ताटात काय वाढायचं?

मधुमेहाच्या आहारपत्रकात एक ओळ हमखास दिसते: ‘भात टाळा, गोड वर्ज्य, पथ्य मोडू नका.’ वाचणारा धास्तावतो, पण रात्री ताटात काय वाढायचं ते त्याला कळत नाही. ही ओळ बदलून पाहू.

आधी त्याचं नेहमीचं जेवण विचारा. समजा, ते दोन वाट्या भात, पातळ आमटी आणि चमचाभर भाजी असं आहे. मग लिहा: ‘भात एक सपाट वाटी किंवा दोन लहान फुलके, दोन्हींपैकी एकच. घट्ट आमटी एक वाटी. दुधी, दोडका किंवा पालेभाजी दोन वाट्या.’ वाटीभर भात आणि दोन लहान फुलके यांत कर्बोदकं साधारण सारखीच असतात. घरोघरी वाट्या लहानमोठ्या असतात, म्हणून वाटी 150 मिलिलिटरची, हेही नोंदवा. भाकरी कितीही चालते असा समज असतो. म्हणून तिथेही ‘मोठी असेल तर अर्धी’ असं लिहा.

‘गोड वर्ज्य’ला अपवाद हवा. इन्सुलिन घेणाऱ्याला घाम आला, थरथर झाली आणि साखर 70 च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. अशा रुग्णाने भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हेही लिहा.

शेवटी रुग्णालाच विचारा, ‘आज रात्री काय वाढून घ्याल?’ त्याला नेमकं सांगता आलं नाही, तर पत्रक पुन्हा लिहा.