खुर्ची आधी उलटी करून बघा

(आपल्या संघाच्या बांबू फर्निचर विक्री दालनाच्या उद्घाटनप्रसंगी प्रभाग समन्वयकांनी केलेले स्वागतपर भाषण)



फीत कापायच्या आधी माझी पाहुण्यांना एक विनंती आहे. आत गेलात की खुर्चीवर लगेच बसू नका. आधी ती उलटी करून बघा. आमच्या बायकांचं खरं काम खालच्या बाजूला आहे.

पहिलं, पायाचं टोक बघा. प्रत्येक पाय गाठीच्या लगेच खाली कापलेला दिसेल. गाठीशी बांबूचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तिथे तो सहज चिरत नाही. मधल्या पेरावर कापला असता, तर खुर्ची सरकवून सरकवून पाय तळाकडून फुटायला लागला असता.

मग जोड बघा. आडव्या दांडीचं टोक माशाच्या उघड्या तोंडासारखं कोरलेलं आहे, म्हणजे ते उभ्या पायाला गोल कवेत घेतं. आत भोक पाडून बांबूचीच खुंटी गोंद लावून बसवली आहे. खिळा ठोकला असता तर काम पाच मिनिटांत झालं असतं, पण खिळ्याने बांबूला उभी चीर जाते. जोडात बोटाचं नख शिरत असेल, तर ती खुर्ची घेऊ नका. आमच्या ताया स्वतःच ती बाजूला काढतात.

आता जे उलटी करूनही दिसत नाही ते सांगते. गिऱ्हाईक विचारतं, "बांबूक इतके पैशे कसले?" त्याचं उत्तर त्यातच आहे.

आपल्या सिंधुदुर्गातला माणगा बांबू खालच्या भागात भरीव असतो, म्हणून फर्निचरला चांगला. पण तो किमान तीन वर्षांचा हवा. कोवळा बांबू हिरवागार चकचकीत असतो, अंगावर पापुद्रे चिकटलेले असतात. जून झाला की पापुद्रे गळतात, रंग मंद होतो, अंगावर पांढुरके डाग दिसतात. कोवळा वापरला तर वाळताना तो आक्रसतो आणि जोड सैल होतात. पावसात कोंब फुटत असताना आम्ही बेटाला कोयता लावत नाही.

बांबूत पिष्ट असतं आणि बारीक भुंगेऱ्याला तेच हवं असतं. खुर्चीखाली पिठासारखी भुकटी पडायला लागली आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, की समजायचं किडा आत आहे. वरून कितीही पॉलिश मारा, तो थांबत नाही. म्हणून बांबू तोडल्यावर ओला असतानाच टाकीत बुडवतात. शंभर लिटर पाण्याला तीन किलो टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आणि दोन किलो बोरिक ॲसिड. भरीव बांबूत पाणी हळू शिरतं, म्हणून दहा-बारा दिवस तरी ठेवतात. नंतर तीन-चार आठवडे सावलीत वाळवतात. घाईने उन्हात टाकला की तडे जातात. म्हणजे करवत हातात घ्यायच्या आधीच महिना-सव्वा महिना गेलेला असतो. किमतीत तोही धरलेला आहे.

दालन सांभाळणाऱ्या तायांनो, आता तुमच्यासाठी. गिऱ्हाइकाला या खुर्चीची मर्यादाही सांगायची. टाकणखार पाण्यात विरघळतो. खुर्ची अंगणात पावसात राहिली, तर तो धुऊन जातो आणि भुंगेऱ्याला वाट मोकळी होते. ओटीवर, पडवीत, घरात ती वर्षानुवर्षं टिकेल. उघड्या अंगणासाठी कुणी मागितली, तर सरळ "नाही" म्हणा. एक विक्री जाईल. पण पावसात कुजलेली खुर्ची वाडीभर दिसली, तर पुढच्या दहा जातील, आणि नाव टाकीवर काम करणाऱ्या काकींचं खराब होईल.

प्रत्येक खुर्चीच्या खाली बांबू टाकीत घातल्याची तारीख आणि करणाऱ्या गटाचं नाव लिहिलेलं आहे. काही बिघडलं, तर कुणाला विचारायचं ते त्यावरून कळेल. आमच्या तायांनी नाव लिहायला होकार दिला तो कामावर भरवसा आहे म्हणूनच.

आता सरपंच ताईंना विनंती करते, फीत कापून दालन खुलं करावं. पाहुण्यांनी आत यावं, खुर्च्या उलट्या कराव्यात, आणि शंका असेल ती थेट बनवणारीलाच विचारावी. सगळ्या जणी आतच उभ्या आहेत.