डोंगराचा उतार आणि पाण्याची हद्द
(पाणलोट समित्यांच्या मेळाव्यातील भाषण)



आपल्या जिल्ह्यात पाणलोटाच्या कामाशी फादर हर्मन बाखर यांचे नाव जोडलेले आहे. माथा ते पायथा हा शब्द आपल्याला पाठ आहे. पण माथा नेमका कुठे, हे आता समित्यांच्या हातात येणारा संगणकाचा रंगीत नकाशा सांगतो. तो कसा तयार होतो आणि कुठे फसवतो, एवढेच आज सांगणार आहे.

त्याच्या मुळाशी डीईएम असतो. जमिनीवर चौकोनी जाळे टाकून प्रत्येक चौकोनाला एक उंची दिलेली असते. फुकट मिळणारे बहुतेक डीईएम साधारण ३० मीटरचे आहेत. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेमही तसाच.

अकोल्याच्या डोंगरातला एक चौकोन समजा. त्याच्या पश्चिमेच्या चौकोनाची उंची ७४२ मीटर, पूर्वेच्या ७२७. मधले अंतर ६० मीटर, उतरण १५ मीटर, म्हणजे २५ टक्के. उत्तरेला ७४०, दक्षिणेला ७२८, म्हणजे २० टक्के. दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा: उतार ३२ टक्के. संगणक आठही शेजारी धरतो, पण हिशेब हाच. जमीन पूर्वेकडे थोडी जास्त आणि दक्षिणेकडे थोडी कमी उतरते, म्हणून तिचे तोंड आग्नेयेला. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजले तर सुमारे १२९ अंश. लागवडीला हे तोंड उपयोगी पडते. नैर्ऋत्येकडच्या उतारावर दुपारचे ऊन जास्त, मार्चनंतर तिथली रोपे आधी सुकतात.

आता पहिली फसगत. संगणक उतार बहुधा अंशांत देतो, आपण सलग समतल चराची मर्यादा ३३ टक्के धरतो. ३३ टक्के म्हणजे जेमतेम १८ अंश. ३३ अंश म्हणजे तब्बल ६५ टक्के! नकाशावर ३३ पाहून तिथे चर आखला, तर पावसाचे पाणी अडवून आपण कड्याच्या अंगात मुरवत बसू. २०१४ साली आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेले, ते आपल्याच डोंगररांगेत. ते चरांमुळे झाले असे मी म्हणत नाही, पण भिजलेला तीव्र उतार काय करतो ते आपण पाहिले आहे. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात टक्के लिहिले आहे की अंश, हे आधी विचारा.

सगळाच डोंगर ८९-९० अंशांचा दिसला, तर चूक निराळी असते. तिथे आडवे अंतर अक्षांश-रेखांशात आणि उंची मीटरमध्ये राहिलेली असते. नकाशा EPSG:32643 या मीटरच्या पद्धतीत आणला की उतार ठिकाणावर येतो.

हद्द काढताना संगणक आधी डीईएममधले खोटे खड्डे भरतो, नाहीतर पाणी तिथेच अडकते. मग प्रत्येक चौकोनाचे पाणी सर्वांत तीव्र उताराच्या शेजाऱ्याकडे ढकलतो आणि कुठल्या चौकोनात किती चौकोनांचे पाणी जमते ते मोजतो. जिथे पुष्कळ जमते तो ओढा. आपण ओढ्यावर बंधाऱ्याची जागा दाखवली, की तिथे पाणी पाठवणारे सगळे चौकोन म्हणजे आपला पाणलोट.

बोट मात्र ओढ्यावरच पडले पाहिजे. ४० हेक्टरच्या पाणलोटात असे सुमारे ४४४ चौकोन असतात. बोट एक चौकोन बाजूला पडले, तर उत्तर दोन-तीन चौकोनांचे, म्हणजे पाव हेक्टरचे येते. क्षेत्रफळाचा आकडा पाहिला की हे लगेच कळते.

हद्दीवर एका चौकोनाची चूक मात्र आकड्यात कळत नाही. अशा पाणलोटाचा घेर अडीच किलोमीटर धरा. त्यावर ३० मीटरची पट्टी म्हणजे साडेसात हेक्टर. बंधाऱ्यात येणाऱ्या पाण्याचा हिशेब तेवढ्याने हलतो, शिवाय माथ्यावर कुणाची जमीन कामात येते आणि कुणाची सुटते तेही त्यावर ठरते. आमच्या ठाकर आणि महादेव कोळी बांधवांची वरची वरकस जमीन बहुतेक याच पट्टीत असते. सपाट माथ्यावर चूक आणखी मोठी होते, कारण शेजारच्या चौकोनांत मीटरभराचाही फरक नसतो.

म्हणून नकाशा मंजूर करण्यापूर्वी माथ्याची धार चालून जा, तीही जमल्यास पावसात, कारण पाणी कुठे फुटते ते तेव्हा डोळ्यांना दिसते. सोबत जनावरे चारणाऱ्यांपैकी कुणाला घ्या. आणि आपला तो ३२ टक्क्यांचा चौकोन आठवा: ती ६० मीटरची सरासरी आहे. तिच्या पोटात दहा मीटरचा कातळ आणि वीस मीटरची सौम्य पडी, दोन्ही मावतात. चराची रेघ तिथे हायड्रोमार्करनेच पडते.