पक्ष, साध्य आणि विचारायचे राहिलेले

(मेळाव्यात ‘माझ्या कामातली एक गोष्ट’ या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी बजावले आहे की प्रत्येकाने आपल्या कामातली एकच गोष्ट सांगायची, आणि दहा मिनिटांत बसायचे. मी छोट्या सहकारी संस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. पण प्रोग्राम कसा लिहितात हे आज सांगत नाही. त्याच्या आधीची एक पायरी सांगतो. नव्या ग्राहकाशी पहिले सविस्तर बोलणे होते, आमच्या धंद्यात त्याला डिस्कव्हरी कॉल म्हणतात. तो फोन झाला की मी त्याच दिवशी दीड-दोन पानांचे टिपण लिहून त्यांना पाठवतो. काय ठरले, मी काय धरून चाललो आहे आणि काय विचारायचे राहिले, एवढेच त्यात असते. ही सवय मला एका चुकीने लावली, म्हणून आधी ती चूक सांगतो.

सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या दूध संस्थेचे काम मिळाले. सुमारे २०० उत्पादक, रोजचे ३,२०० लिटर दूध, दर दहा दिवसांनी बिल. सचिवांशी फोनवर पाऊण तास बोललो. ते म्हणाले, “फॅट आणि एसएनएफ बघायचं आणि दरपत्रकाप्रमाणे दर लावायचा. त्यात अवघड काही नाही.” मलाही ते अवघड वाटले नाही. दरपत्रक मागवून घेतले आणि कामाला लागलो.

दरपत्रकात फॅटच्या ओळी ३.५, ३.६, ३.७ अशा एका दशांशाच्या होत्या. दूध तपासायचे मशीन मात्र ३.५७ असे दोन दशांश दाखवत होते. मी शाळेत शिकलो तसे केले: ३.५७ म्हणजे जवळचे ३.६. संस्थेत मात्र वर्षानुवर्षे दुसरा अंक सोडून द्यायची पद्धत होती, म्हणजे ३.५७ ला ३.५ चा दर. एका ओळीचा फरक लिटरमागे ३० पैसे. निम्म्या वेळा तो पडतो असे धरले तरी सरासरी १५ पैसे. दहा दिवसांच्या ३२,००० लिटरवर ४,८०० रुपये संस्थेच्या खिशातून जास्त गेले.

रक्कम बुडवणारी नव्हती. पण पुढच्या बिलातून ती कापून घ्यावी लागली, आणि माणसे पावत्या घेऊन सचिवांच्या दारात उभी राहिली. कोणाचे २०, कोणाचे ३५ रुपये. दिलेला पैसा परत घेतला की रकमेकडे कोणी पाहत नाही, हिशेबावरचा विश्वास जातो. सचिव माझ्यावर चिडले नाहीत. एवढेच म्हणाले, “तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

ते खरेच होते. त्यांनी काही लपवले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ही सांगायची गोष्टच नव्हती, आणि मला ती विचारायची गोष्ट वाटली नाही. मला तेव्हा आपल्या भूमितीच्या सरांची आठवण झाली. प्रमेय सोडवताना आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. आणि आकृतीत दोन बाजू सारख्या दिसतात म्हणून कोणी तसे लिहिले, की सर विचारायचे, “हे पक्षात आहे का?” मी आकृतीकडे बघून उत्तर लिहिले होते.

आता दुसऱ्या एका दूध संस्थेचे उदाहरण घेऊन सांगतो, आज मी हे कसे करतो.

फोन सुरू होण्याआधी कागदावर तीन रकाने आखतो: त्यांनी सांगितले, मी धरले, विचारायचे. बोलताना प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात जाते ते तिथल्या तिथे ठरवायचे. नंतर आठवून ठरवू म्हटले, तर आपलेच अंदाज त्यांच्या तोंडी जातात. दुसरे म्हणजे, नियम ऐकला की मी लगेच एक खरे उदाहरण मागतो. त्या सचिवांना म्हटले, “काल सकाळच्या एका पावतीचे आकडे वाचून दाखवता का?” त्यांनी वाचले: गाईचे दूध ९.३ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.६, दर ३१.२०, रक्कम २९०.१६. मी तिथेच ताळा केला. ३.५ आणि ८.५ ला ३० रुपये, फॅटच्या तीन ओळींचे ९० पैसे, एसएनएफच्या एका ओळीचे ३० पैसे. दर जुळला. गुणाकारही जुळला. म्हणजे नियम मला बरोबर कळला होता, निदान या पावतीपुरता.

संध्याकाळी टिपण लिहायला बसलो. सगळ्यात वर साध्य, आणि ते त्यांच्याच शब्दांत: “२० तारखेला संपलेली बिले २१ च्या दुपारपर्यंत हातात पाहिजेत, रात्र जागायला लागू नये.” हे वाक्य वर असले की पुढे एखादी गोष्ट हवी की नको, यावर वाद होत नाही.

त्याखाली ‘ठरलेले’. क्रमांक घालून, एका क्रमांकात एकच गोष्ट, आणि जिथे आकडा आहे तिथे त्या पावतीचे उदाहरण. आपल्या मराठीच्या बाई सारांशलेखनात सांगायच्या की उदाहरणे गाळा, मुद्दा ठेवा. इथे मी उलटे करतो. नियमाचे वाक्य दोघे दोन तऱ्हांनी वाचू शकतात, पण ९.३ गुणिले ३१.२० चे उत्तर दोघांचे एकच येते.

या भागात एक अडचण नेहमी येते. फोनवर दोन माणसे दोन गोष्टी सांगतात. सचिव म्हणाले होते, बिल दहा दिवसांचे. शेजारी बसलेला क्लार्क मध्येच बोलला होता, “तिसरं बिल महिनाअखेरचं.” मोठ्या माणसाचे खरे धरून मोकळे व्हायचा मोह होतो. मी दोन्ही एकत्र मांडून लिहिले: १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर, तिसरे बिल ८ ते ११ दिवसांचे. बरोबर की चूक ते वाचणारा सांगेल.

मग ‘मी धरून चाललो आहे’ हा भाग. माणसाला आपले अंदाज लिहून दाखवायला संकोच वाटतो, म्हणून हाच भाग बहुतेक जण गाळतात. मी तीन अंदाज लिहिले होते. त्यातला एक असा: “काटा दूध लिटरमध्ये दाखवतो, आणि तोच आकडा पावतीवर येतो.” पावतीवर लिटर होते, म्हणून मी तसे धरले होते.

शेवटी ‘विचारायचे राहिलेले’. प्रश्न लिहिताना मी दोन गोष्टी पाळतो. पहिली, प्रश्नाला उत्तराचे पर्याय द्यायचे. “राउंडिंग कसे करता?” असे विचारले तर “नेहमीसारखं” असे उत्तर येते. त्याऐवजी असे लिहितो:

“प्रश्न १. मशीनवर फॅट ३.५७ आले तर दर कोणत्या ओळीचा? (अ) ३.५ (ब) ३.६. एसएनएफलाही हाच नियम का?

प्रश्न २. सभासदाचे बिल १,८०० आणि पशुखाद्याची उचल २,५०० असेल, तर (अ) बिल शून्य करून ७०० पुढे ओढायचे, की (ब) ठरावीक रक्कमच कापायची? (ब) असल्यास किती?”

दुसरी गोष्ट, प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर कोण देणार आणि त्यावाचून काय अडणार, हे लिहायचे. प्रश्न १ चे उत्तर क्लार्क देऊ शकतो. प्रश्न २ हा संचालक मंडळाचा निर्णय आहे. सचिवांनी फोनवर सांगून भागत नाही. आणि तो सुटेपर्यंत कपातीचे काम सुरू होणार नाही, हेही स्पष्ट लिहिले.

टिपण व्हॉट्सॲपवर पाठवले. अर्ध्या तासात उत्तर आले: अंगठा. पूर्वी मी एवढ्यावर खूश झालो असतो. अंगठा म्हणजे मिळाले. वाचले की नाही, ते कळत नाही. ज्या मुद्द्याने कोणाच्या तरी बिलाचा आकडा बदलतो, त्यावर गप्प राहणे म्हणजे होकार, असे मी धरत नाही. मी फोन करून म्हटले, “साहेब, कागद छापून क्लार्कसमोर ठेवा. प्रत्येक क्रमांकापुढे बरोबर किंवा चूक एवढेच लिहायला सांगा.”

दोन दिवसांनी कागदाचा फोटो आला. राउंडिंगला (अ). आणि काट्याच्या अंदाजापुढे क्लार्कने लिहिले होते: “चूक. काटा किलोत आहे. जुने मशीन १.०३ ने भागते.” लिटरभर दुधाचे वजन साधारण १.०३ किलो भरते, म्हणून १० किलो दूध म्हणजे ९.७१ लिटर. आम्ही काट्याचा आकडा सरळ लिटर म्हणून घेतला असता, तर प्रत्येक पावती ३ टक्क्यांनी फुगली असती. पहिल्या संस्थेतल्या चुकीपेक्षा ती कितीतरी मोठी झाली असती. आणि प्रश्नांच्या यादीत हे नव्हतेच, कारण मला त्यात शंकाच नव्हती. अंदाज म्हणून लिहिला, म्हणूनच तो खोडायला कोणाला तरी जागा मिळाली.

मग टिपणाची दुसरी प्रत केली. वर तारीख, आणि बदललेली ओळ पुसून न टाकता खोडून शेजारी नवी. सहा महिन्यांनी “हे असं कधी ठरलं?” असे कोणी विचारले, तर ते दिसायला हवे.

यातूनही सगळे सुटते असे नाही. जे दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात नाही, ते टिपणातही येत नाही. त्या संस्थेत काम सुरू झाल्यावर पहिल्याच सकाळी एक सभासद गाईचे आणि म्हशीचे दूध एकाच खाते क्रमांकावर घेऊन आला. आमच्या प्रोग्राममध्ये एका खात्याला एकच दरपत्रक होते. दोन दिवसांचे काम वाढले. पण कागदावर बघता आले की हा मुद्दा कोणीच मांडला नव्हता. त्यामुळे “मी सांगितलं होतं”, “तुम्ही सांगितलं नव्हतं” हा संवाद झाला नाही. त्या दोन दिवसांचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला.

पहिले बिल आम्ही वही आणि संगणक दोन्हींवर केले. २१ तारखेला क्लार्क एकेक पावती वाचत होता आणि मी पडद्यावरचा आकडा सांगत होतो. बाराच्या सुमारास वही मिटून तो म्हणाला, “जुळलं.” दारात कोणी उभे नव्हते.

सर आज समोर बसले आहेत, म्हणून सांगतो. सर, आता आधी पक्ष लिहितो. आकृतीत दिसते ते वेगळ्या रकान्यात.